चोथा वाढवला आणि पोट अडले: बद्धकोष्ठतेत फायबर, पाणी आणि तेल-तूप यांचा मेळ

प्रश्न: आई ६२ वर्षांची आहे, आम्ही कोल्हापुरात राहतो. सहा महिन्यांपूर्वी कोलेस्टेरॉल जास्त आले म्हणून तिने तेल-तूप जवळजवळ बंद केले. शौचाला कडक होऊ लागले म्हणून कणकेत कोंडा, दोन्ही जेवणांत गाजर-बीट-काकडी आणि रात्री इसबगोल सुरू केले. पाणीही तीन लिटर पिते. आधी एक दिवसाआड व्हायचे, आता चार दिवसांनी होते आणि पोट सतत फुगलेले असते. फायबर अजून किती वाढवायचे?

उत्तर: अजून वाढवू नका. पुढचे दोन आठवडे कोंडा पूर्ण बंद करा, कच्ची कोशिंबीर एका जेवणात दोन-चार फोडींपुरती ठेवा आणि सकाळच्या न्याहारीत दोन लहान चमचे तेल परत आणा. इसबगोल बंद करायचे की नुसते घेण्याची पद्धत बदलायची, हे एका तपासणीवर अवलंबून आहे, त्याबद्दल पुढे लिहिते. असे का करायचे हे समजले नाही, तर महिन्याभराने कोणीतरी पुन्हा कोंडा सुचवेल आणि आपण जिथे होतो तिथेच येऊ, म्हणून कारणे जरा सविस्तर देते.

आपण खाल्ले-प्यायलेले आणि पचनरसांतून आलेले असे मिळून रोज कित्येक लिटर द्रव आतड्यांतून जातो. त्यातला बहुतेक लहान आतडेच शोषून घेते आणि मोठ्या आतड्यात साधारण लिटर-दीड लिटर उतरतो. मोठे आतडे त्यातलेही जवळजवळ सगळे पाणी परत घेते, मळाबरोबर बाहेर पडते ते शंभर ते दोनशे मिलिलिटरच. व्यवस्थित बांधलेल्या मळात पाणी ७५ टक्क्यांच्या आसपास असते आणि ते तीन-चार टक्क्यांनी कमी झाले तरी मळ खड्यासारखा होतो. म्हणजे मऊ आणि कडक यांतले अंतर फार थोडे आहे. मळ मोठ्या आतड्यात जितका जास्त वेळ पडून राहील, तितके त्याचे पाणी खेचले जाते. त्यामुळे दोनच प्रश्न महत्त्वाचे ठरतात. पाणी धरून ठेवणारे काही आत आहे का, आणि आतला माल वेळेवर पुढे सरकतो आहे का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सगळे 'फायबर' असे देतात, पण फायबर, म्हणजेच चोथा, हा एकच पदार्थ नाही, आणि इथेच बहुतेक घरांत गफलत होते. इसबगोलाचा भुसा पाण्यात बुळबुळीत होतो, त्याला आतड्यातले जंतू फारसे खात नाहीत आणि त्याने धरलेले पाणी शेवटपर्यंत त्याच्याकडे राहते. गाजर, बीट आणि कडधान्ये यांतला बराचसा विद्राव्य, म्हणजे पाण्यात विरघळणारा, चोथा मात्र मोठ्या आतड्यात पोचताच जंतू फस्त करतात. त्यातून वायू होतो आणि मळात भर पडते ती थोडीच. तो चोथा इतर कारणांनी चांगला आहे, पण ज्याचे पोट आधीच अडले आहे त्याला त्यातून फुगण्यापलीकडे फार काही मिळत नाही. गव्हाच्या कोंड्याचे गणित तिसरेच आहे. कोंडा पाणी फारसे धरत नाही. त्याचे जाड, चपटे कण आतड्याच्या अस्तराला घासतात आणि अस्तर त्याला उत्तर म्हणून पाणी व बुळबुळीत स्राव सोडते, हे त्याचे खरे काम. तोच कोंडा बारीक दळला की घासण्याचा गुण जातो आणि उरतो तो कोरडा भार. असा बारीक कोंडा मळ मऊ करण्याऐवजी घट्ट करतो.

आईंच्या डब्यातला कोंडा चिमटीत घेऊन बोटांवर चोळून पाहा. पाकळीसारखे कण वेगवेगळे लागले तर तो जाड आहे. पिठासारखा बोटांना चिकटला तर तो बारीक आहे. पोळी कडक होते, तुटते अशा तक्रारीमुळे गिरणीत कोंडा पुन्हा दळून आणण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, आणि माझ्याकडे दाखवायला आणलेले निम्म्याहून अधिक डबे या दुसऱ्या प्रकारचे निघतात.

आता पाणी. तीन लिटर पाणी प्यायले तर ते लहान आतड्यातच शोषले जाते आणि लघवीवाटे जाते. ज्याच्या शरीराला पाण्याची तूट नाही, त्याचा मळ नुसत्या जास्त पाण्याने मऊ होत नाही. पाणी खालपर्यंत न्यायचे तर ते कोणीतरी धरून न्यावे लागते. याची उलट बाजू अधिक महत्त्वाची आहे: पाणी धरणारा पदार्थ पोटात घातला आणि त्याच वेळी पुरेसे पाणी दिले नाही, तर तो जिथे असेल तिथेच घट्ट होतो. म्हणून दिवसभरात एकूण किती लिटर प्यायले यापेक्षा इसबगोलाच्या त्या एका पेल्यात किती पाणी होते, हे मी आधी विचारते.

तेल-तुपाविषयी समज असा की ते आतड्याला वंगण लावते. चमचाभर तुपाचे तसे होत नाही, कारण निरोगी माणूस खाल्लेल्या स्निग्ध पदार्थांपैकी ९५ टक्क्यांच्या आसपास पचवून शोषून घेतो आणि खालपर्यंत वंगणासाठी काही उरतच नाही. वंगणाचे काम करते ते न पचणारे लिक्विड पॅराफिन. ते म्हाताऱ्या माणसांना मी सुचवत नाही, कारण ठसका लागून ते फुप्फुसात गेले तर तिथे सूज आणते. तुपाचे किंवा तेलाचे काम संदेश देण्याचे आहे. जेवण पोटात उतरले की मोठ्या आतड्यात हालचालीची एक लाट येते, आणि जेवणात स्निग्धांश असेल तर ती लाट जोरकस असते. लहान आतड्याच्या सुरुवातीला स्निग्धांश पोचला की तिथून एक संप्रेरक सुटते, पित्ताशय आकुंचन पावते, पित्त खाली येते आणि त्यातल्या पित्ताम्लांचा थोडा अंश मोठ्या आतड्यात पोचून तिथे पाणी सुटायला मदत करतो. तेल-तूप जवळजवळ बंद केले की हा संदेश क्षीण होतो. वर चोथ्याचा भार वाढवत राहायचे आणि खाली ढकलणारी लाट काढून घ्यायची, असे काहीसे आईंच्या बाबतीत झाले असावे.

याचा अर्थ रात्री तर्रीदार तांबडा रस्सा भुरकावा असा नाही. एका बैठकीत फार तेल गेले की जठर सावकाश रिकामे होते, पोट जड राहते, आणि सकाळी त्याचा उपयोग काहीच नसतो. मोठ्या आतड्याची हालचाल झोपेतून उठल्यावर आणि पहिल्या खाण्यानंतर सर्वांत जास्त असते, म्हणून स्निग्धांश लागतो तो न्याहारीत. आपल्याकडे मात्र न्याहारीला चहा आणि दोन टोस्ट, आणि सगळे तेल रात्रीच्या जेवणात, असा उलटा हिशेब असतो. कोलेस्टेरॉलची काळजी असेल तर तुपाऐवजी शेंगदाण्याचे तेल वापरा, किंवा सरळ शेंगदाण्याची वा जवसाची कोरडी चटणी भाकरीबरोबर द्या. तिच्यात तेल आणि चोथा दोन्ही एकत्र येतात. (झोपताना गरम दूध-तूप घेतल्याने पोट साफ होते, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यातल्या अनेकांना दुधातली साखर नीट पचत नसावी आणि ती न पचलेली साखर पाणी ओढते, म्हणून गुण येतो. ज्याला दूध नीट पचते त्याला तोच पेला काही करत नाही.)

एक उदाहरण सांगते, म्हणजे हे सगळे एकत्र कसे दिसते ते लक्षात येईल. करवीर तालुक्यातल्या एक काकू दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आल्या. आईंच्याच वयाच्या, तक्रारही हीच. त्यांना तीन दिवसांचे खाणे लिहून आणायला सांगितले होते, आणि येताना इसबगोलाची बाटली, नेहमीचा चमचा आणि नेहमीचा पेलाही. माझ्यासमोर त्यांनी तो रोजच्यासारखा तयार केला. पोहे खायच्या मोठ्या चमच्याने दोन शिगोशीग चमचे, अर्धा पेला पाणी, ढवळून पेला टेबलावर ठेवला आणि सुनेबद्दल बोलू लागल्या. पाच-सात मिनिटांनी मी पेल्याकडे बोट दाखवले. चमचा आत उभा राहिला होता. रोज रात्री दूरदर्शन मालिका संपेपर्यंत तो पेला असाच बाजूला असायचा, मग त्या तो लापशीसारखा खायच्या आणि लगेच आडव्या व्हायच्या. वर पाणी प्यायले तर रात्री उठावे लागते म्हणून पाणी नाही. बारीक दळलेला कोंडा कणकेत होताच, आणि भाजी कुकरमध्ये बिनतेलाची.

डॉक्टरांनी त्यांची बोटाने तपासणी केली तेव्हा गुदाशय कडक मळाने भरलेले निघाले. मधूनच पातळ, पाण्यासारखे डाग पडत होते, त्याला त्या 'जुलाब' समजत होत्या आणि तेवढ्यासाठी दोन दिवस इसबगोल थांबवून पुन्हा दुप्पट घेत होत्या. ते जुलाब नव्हते. अडकलेल्या गोळ्याच्या कडेने वरचा पातळ मळ पाझरत होता. साखर कारखान्याच्या गव्हाणीत उसाच्या मोळ्या अडकल्या की मुकादम आधी गव्हाण मोकळी करतो, फडातून आणखी गाड्या मागवत नाही. इथेही पहिले काम तेच होते. डॉक्टरांनी एनिमा दिला आणि नंतर काही दिवस पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर, रोज १७ ग्रॅम एक पेला पाण्यात. ही पावडर शोषली जात नाही आणि आपले पाणी सोबत खाली घेऊन जाते, म्हणून अशा वेळी ती चोथ्यापेक्षा सुरक्षित. त्या काळात इसबगोल, कोंडा आणि कोशिंबीर पूर्ण बंद होते. दोन-तीन दिवसांत पोट उतरले.

मग आहार बदलला. सकाळी उठल्यावर एक पेला कोमट पाणी आणि अर्ध्या तासात न्याहारी: एक ज्वारीची भाकरी, शिजलेली पालेभाजी आणि दोन लहान चमचे कच्चे तेल घातलेली शेंगदाण्याची चटणी. न्याहारीनंतर वीस मिनिटांनी, लागो वा न लागो, शौचालयात बसायचे, पण दहा मिनिटांपेक्षा जास्त नाही आणि कुंथायचे नाही. त्यांच्याकडे कमोड होता आणि गुडघ्यांमुळे उकिडवे बसणे जमत नव्हते, म्हणून पायाखाली वीतभर उंचीचा पाट ठेवला, म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतात आणि गुदमार्गाचा कोन सरळ होतो. दहाव्या दिवसापासून इसबगोल परत सुरू केले, पण एकच लहान चमचा, दुपारच्या जेवणाआधी, पूर्ण पेला पाण्यात ढवळून लगेच, आणि वर आणखी अर्धा पेला पाणी. आठवडाभर त्यावर राहून मगच दुसरा चमचा. कोंडा परत आणलाच नाही. ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात दहा ग्रॅमच्या आसपास चोथा असतो, त्यामुळे दिवसाला तीन भाकऱ्या, एक वाटी आमटी, दोन वेळा शिजलेली भाजी आणि एखादे फळ एवढ्यात साधारण २५ ग्रॅम सहज भरतात, वेगळे काही शिंपडावे लागत नाही. पाचव्या आठवड्यापासून त्यांना एक दिवसाआड होऊ लागले. आधीही त्यांचे तेच होते. दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा, ही सगळी निरोगी मर्यादा आहे, त्यामुळे रोज झालेच पाहिजे असा हट्ट मी धरला नाही.

सगळ्यांचे असे सुरळीत होत नाही. जर्मनीत १९९७ साली जुनाट बद्धकोष्ठतेच्या १४९ रुग्णांना इसबगोलाच्याच जातीचे बी किमान सहा आठवडे देऊन पाहिले गेले. ज्यांच्या तपासणीत आतड्याचा काही दोष आढळला नव्हता, त्यांच्यापैकी ८५ टक्क्यांना गुण आला. ज्यांचे आतडेच सावकाश चालत होते, त्यांच्यापैकी ८० टक्क्यांना गुण आला नाही, आणि ज्यांचा अडथळा गुदद्वाराशी होता त्यांच्यापैकी ६३ टक्क्यांना आला नाही. म्हणून योग्य प्रमाणात, योग्य पाण्यासह, पुरेशा तेलासह चोथा चार ते सहा आठवडे दिला आणि फरक पडला नाही, तर प्रमाण दुप्पट करण्याऐवजी मी निदानाकडे परत जाते.

हे घरी ओळखण्याची एक सोपी खूण आहे. मळ शेळीच्या लेंड्यांसारखा सुटा आणि कोरडा असेल, आणि तीन-चार दिवस शौचाची संवेदनाच होत नसेल, तर आतड्याचा वेग किंवा पाणी यांत गडबड आहे. मळ मऊ असूनही बाहेर येत नसेल, जोर लावावा लागत असेल, पूर्ण झाले नाही असे वाटत असेल किंवा बोटाने मदत घ्यावी लागत असेल, तर दोष दाराशी आहे. अशा व्यक्तीचे गुदद्वाराचे स्नायू जोर लावताना सैल पडण्याऐवजी आवळतात. बाळंतपणे झालेल्या स्त्रियांत ओटीपोटाचे स्नायू सैल होऊन वेगळ्याच अडचणीही दिसतात. तिथे चोथा म्हणजे बंद दारामागे गर्दी. दाब मोजण्याची तपासणी आणि स्नायूंना पुन्हा सैल सोडायला शिकवणारे बायोफीडबॅक, हा त्यावरचा उपाय आहे. हा विषय आई मुलांशी बोलणार नाहीत, त्यामुळे त्यांना स्त्री डॉक्टरांसमोर निवांत बसू द्या.

आहाराला हात लावण्याआधी त्यांच्या गोळ्यांची पिशवीही एकदा टेबलावर ओता. लोह, कॅल्शियम, ट्रॅमाडॉलसारख्या तीव्र वेदनाशामक गोळ्या, झोपेसाठी किंवा मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी दिलेले अॅमिट्रिप्टिलिन, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या, विशेषतः व्हेरापामिल, मळ कडक करतात. सहा महिन्यांत यातले काही नवे सुरू झाले असेल तर दोष कोंड्याचा जितका, तितकाच त्याचाही. कोलेस्टेरॉल वाढणे आणि पोट मंदावणे हे दोन्ही एकाच सुमारास झाले आहे, तेव्हा थायरॉइडची रक्ततपासणी माझ्या मते आधी करून घ्या, कारण थायरॉइड मंद असेल तर दोन्ही गोष्टी त्यातूनच येतात आणि मग आहाराचा सगळा खटाटोप व्यर्थ ठरतो. थायरॉइडची गोळी चालू झालीच तर ती आणि इसबगोल यांच्यात काही तासांचे अंतर ठेवा, नाहीतर गोळी पूर्ण शोषली जाणार नाही. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा असेल तर इसबगोल डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरूच करू नका. गिळताना अडकत असेल तर अजिबात नाही.

पोट फुगले आहे, वारा सरत नाही आणि उलटी होते, अशी स्थिती आली तर घरी काहीही न देता त्याच दिवशी रुग्णालयात न्या. मळातून रक्त, कारण नसताना घटलेले वजन, रक्तक्षय, किंवा घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणे, यांपैकी काही असेल तर दोन आठवड्यांच्या प्रयोगाची वाट पाहू नका. पन्नाशीनंतर शौचाची सवय नव्याने बदलली आहे, एवढ्या कारणासाठीसुद्धा पोटविकारतज्ज्ञ दुर्बिणीने तपासणी सुचवतील, आणि ती टाळू नये असेच मी सांगेन.

या आठवड्यात आधी डॉक्टरांकडून बोटाने तपासणी करून घ्या. गोळा अडकलेला असेल तर आधी तो मोकळा करायचा आणि तोपर्यंत इसबगोल बंद. नसेल तर एक लहान चमचा, दुपारी, भरल्या पेल्यात, लगेच. आणि एका कागदावर रोज चारच गोष्टी लिहा: न्याहारी किती वाजता आणि तीत तेल किती, इसबगोलाबरोबर पाणी किती, मळ कसा, आणि पोट फुगले का. पंधराव्या दिवशी तो कागद आणि कोंड्याचा डबा, दोन्ही आईंना पाहणाऱ्या डॉक्टरांसमोर ठेवा.